त्रिकोणाबाहेर पडलेली उंची: एका चुकलेल्या गणिताची तपासणी

सातवीतल्या भाचीने वही माझ्यासमोर आपटली आणि म्हणाली, "मामा, या त्रिकोणाला उंचीच नाहीये."

वही चौकटींची होती, एक चौकट एक सेंटीमीटरची. खालच्या रेषेवर ब आणि क हे दोन बिंदू, त्यांच्यात ६ चौकटींचं अंतर. तिसरा बिंदू अ मात्र या दोघांच्या मधोमध वर नव्हता. तो क च्याही उजवीकडे ३ चौकटी सरकलेला आणि वर ४ चौकटी चढलेला होता. त्यामुळे अख्खा त्रिकोण उजवीकडे कलंडल्यासारखा दिसत होता. क पाशी कोनमापक लावला तर कोन साधारण १२७ अंशांचा, म्हणजे काटकोनापेक्षा बराच मोठा. असा एक कोन ज्यात असतो तो विशालकोन त्रिकोण. प्रश्न एवढाच होता: क्षेत्रफळ किती?

सूत्र तिला पाठ होतं. पाया गुणिले उंची, भागिले दोन. तरीही त्या पानावर तीन उत्तरं होती आणि तिन्ही खोडलेली होती: २१.६, मग १५, मग १८. बरोबर उत्तर १२ चौरस सेंटीमीटर. गणित चुकलेल्या वहीत मला खोडलेली उत्तरं आधी वाचायला आवडतात, कारण मूल कुठून कुठे गेलं ते तिथे दिसतं. इथे तर तीन उत्तरांत तीन वेगवेगळे गैरसमज रांगेने उभे होते.

पहिलं उत्तर २१.६ आलं कसं? तिने अ पासून एक रेघ खाली आणली होती, पण तिरकी, थेट ब आणि क यांच्या मध्यावर. ती रेघ मोजली तर ७.२ सेमी भरली. ६ गुणिले ७.२, भागिले २, झाले २१.६. मी विचारलं, "ही रेघ इथेच का आणलीस?" ती म्हणाली, "उंची पायावरच पडायला हवी ना? मग पायावर आणली." म्हणणं अगदीच खोटं नाही. आतापर्यंत तिने पाहिलेल्या बहुतेक आकृत्यांत टोक पायाच्या डोक्यावर असायचं आणि उंचीची रेघ आतल्या आत उतरायची. ‘उंची आत असते’ ही गोष्ट कोणी शिकवली नव्हती, आकृत्या बघून बघून ती आपोआप बसली होती.

दुसऱ्या उत्तरात ती तिरकी रेघ तिलाच खटकली असावी. मग तिने क पासून अ पर्यंतची बाजूच उंची म्हणून घेतली. ती बाजू ५ सेमीची. ६ गुणिले ५, भागिले २, म्हणजे १५. ही चूक फार जणांकडून होते, कारण काटकोन त्रिकोणात हेच चालतं. तिथे पायाच्या टोकावर उभी असलेली बाजूच उंची असते. इथे ती बाजू पायाच्या टोकावर आहे खरी, पण उभी नाही, कललेली आहे.

आता उंची म्हणजे काय ते एकदा नीट बघू. उंची म्हणजे अ हा बिंदू पायाच्या रेषेपासून किती दूर आहे ते अंतर, आणि एखाद्या बिंदूचं रेषेपासूनचं अंतर नेहमी काटकोनात मोजतात, कारण तेच सर्वांत कमी भरतं. सगळा घोटाळा ‘पायाच्या रेषेपासून’ या दोन शब्दांत आहे. पाया हा ६ सेमीचा तुकडा आहे, पण पायाची रेषा दोन्ही बाजूंना हवी तेवढी वाढवता येते. वाकलेल्या झाडाचा शेंडा किती उंच आहे हे विचारलं तर आपण शेंड्यापासून ओळंबा सरळ खाली सोडतो. तो बुंध्याला लागत नाही, बाजूच्या जमिनीला लागतो. म्हणून झाडाला उंचीच नाही असं कुणी म्हणत नाही.

तिच्या हातात गुण्या दिला आणि आधी पाया क च्या पुढे ठिपक्यांच्या रेघेने वाढवायला लावला. हे काम आधीच करायचं. पाया न वाढवता गुण्या लावला की त्याची कड कशाला टेकवायची तेच कळत नाही, आणि हात आपोआप कललेल्या बाजूकडे वळतो. मग गुण्याची एक कड त्या वाढवलेल्या रेषेवर ठेवून तो हळूहळू उजवीकडे सरकवायचा. दुसरी कड अ ला टेकली की थांबायचं आणि रेघ ओढायची. रेघ क च्या पुढे ३ चौकटींवर उतरली. त्या जागेला ड म्हणू. अ पासून ड पर्यंत मोजलं तर बरोबर ४ सेमी. हा अ मधून काढलेला शिरोलंब, आणि ४ ही उंची.

तिचं तिसरं उत्तर १८ कसं आलं असेल ते आता लक्षात येईल. ती स्वतःच इथपर्यंत पोहोचली होती. शाळेत कुणाच्या तरी वहीत पाहून तिने बाहेरचा लंबही काढला होता. पण उंची ड वर उतरते म्हटल्यावर तिने पायाही ड पर्यंत ओढला. ६ आणि ३ मिळून ९. ९ गुणिले ४, भागिले २, म्हणजे १८. तिन्ही चुकांत मला ही सर्वांत आवडली, कारण बरोबर उत्तर हिच्यातच दडलं आहे.

"हे १८ कशाचं क्षेत्रफळ आहे?" मी विचारलं. तिने बोटाने गिरवलं: ब पासून ड, ड पासून वर अ, अ वरून परत ब. तो मोठा काटकोन त्रिकोण होता. आपला त्रिकोण त्याच्या आत बसलेला, आणि उजवीकडे एक जास्तीचा तुकडा उरलेला, क, ड आणि अ यांच्यातला. तोही काटकोन त्रिकोणच. त्याचा पाया ३, उंची ४, म्हणून क्षेत्रफळ ६.

१८ मधून ६ गेले, राहिले १२.

मग मी म्हटलं, आता नुसत्या आपल्या त्रिकोणाचा पाया घे, ६, आणि बाहेरची उंची घे, ४. ६ गुणिले ४ चोवीस, त्याचे निम्मे बारा. तिने दोन्ही १२ ना गोल केला आणि विचारलं, "हे दरवेळी जुळेल?"

जुळतं, आणि का जुळतं ते दोन ओळींत मांडता येतं. पाया p, उंची h आणि बाहेरचा ठिपक्यांचा तुकडा x धरू.

```
(p + x) × h ÷ 2  −  x × h ÷ 2
=  p × h ÷ 2
```

x आधी मोठ्या त्रिकोणाबरोबर आत आला आणि जास्तीच्या तुकड्याबरोबर तेवढाच बाहेर गेला. म्हणजे ठिपक्यांची रेघ उंची मोजायला लागते, पण पाया म्हणून ती मोजायची नसते. ती फक्त गुण्याला टेकायला दिलेली जागा आहे. ३ च्या जागी ३० असते तरी उत्तरात फरक पडला नसता.

इथे तिने मान डोलावली, पण पटलेलं नव्हतं. जरा वेळाने खरा प्रश्न आला: "वजाबाकी कळली, मामा. पण ती उंची तर हवेत उभी आहे, त्रिकोणाच्या बाहेर. बाहेरच्या वस्तूने आतलं क्षेत्रफळ कसं ठरतं?" याला सूत्राने उत्तर देऊन भागत नाही.

शेजारी एक काटकोन त्रिकोण काढला. पाया तोच ६, उंची तीच ४, फक्त टोक थेट ब च्या डोक्यावर. आता दोन्ही त्रिकोणांत पायापासून १ सेमी वरच्या आडव्या रेघेवर त्रिकोणाची रुंदी मोजायला सांगितली. काटकोन त्रिकोणात ४.५ सेमी. कलंडलेल्या त्रिकोणातही ४.५. २ सेमी वर दोन्हीकडे ३. ३ सेमी वर दोन्हीकडे १.५. चौथ्या सेंटीमीटरला दोन्ही संपले. प्रत्येक पातळीवर रुंदी तीच, फक्त कलंडलेल्या त्रिकोणात ती उजवीकडे सरकलेली. कागदांची चळत बाजूने ढकलली की ती तिरपी होते, पण कागद एकही वाढत नाही की कमी होत नाही, तसंच हे.

आकृती दुसऱ्या कागदावर उतरवून घेऊन तिने आडव्या पट्ट्या कापल्या आणि डावीकडे सरकवून काटकोन त्रिकोणावर रचायला घेतल्या. चार पट्ट्यांत ते नीट जमलं नाही. कडा करवतीच्या दात्यांसारखी दिसायला लागली, कारण प्रत्येक पट्टीची टोकं तिरपी राहतात. एका बाजूला थोडं बाहेर येतं, दुसऱ्या बाजूला तेवढंच आत जातं. अर्ध्या सेंटीमीटरच्या आठ पट्ट्या केल्या तेव्हा दाते बारीक झाले. तेव्हा तिला उंचीचं काम दिसलं: पट्ट्या किती थरांत रचल्या आहेत ते उंची सांगते, आणि थर मोजायला मोजपट्टी आत धरली काय किंवा बाहेर धरली काय, थर तेवढेच. चौकटींच्या वहीत तर अ कितव्या आडव्या रेघेवर आहे एवढं पाहिलं तरी पुरतं.

यातून एक छोटी पडताळणीही हाती येते. तिच्या तिन्ही चुका १२ पेक्षा मोठ्या होत्या आणि हा योगायोग नाही. तिरकी रेघ लंबापेक्षा लांबच असते आणि वाढवलेला पाया मूळ पायापेक्षा मोठाच असतो. त्यामुळे या जातीच्या चुका उत्तर नेहमी फुगवतात. शिवाय आपला त्रिकोण मोठ्या काटकोन त्रिकोणाच्या पोटात आहे, त्याचं क्षेत्रफळ १८. म्हणून २१.६ हे उत्तर गणित न करताही बाद होतं, कारण पोटातली वस्तू पोटापेक्षा मोठी असू शकत नाही. १५ मात्र या चाळणीतून निसटतं. ते पकडायला ती ५ सेमीची बाजू पायाशी काटकोन करते का, हेच पाहावं लागतं.

मग वही फिरवली. पाया म्हणून खालचीच बाजू घ्यायला हवी असं कुठेही लिहिलेलं नाही. क ते अ ही ५ सेमीची बाजू पाया धरली तर समोरचा बिंदू ब. ब पासून त्या बाजूवर लंब टाकायला गेलो तर तो पुन्हा बाहेर! बाजू क च्या खाली वाढवावी लागली, आणि लंब क पासून ३.६ सेमी पुढे उतरला. त्याची लांबी ४.८. ५ गुणिले ४.८ चोवीस, निम्मे बारा. आता उरली सर्वांत लांब बाजू, ब ते अ. मोजपट्टीने ती ९.८ भरली. क पासून तिच्यावर लंब टाकला आणि तो पहिल्यांदाच त्रिकोणाच्या आत पडला, २.४ सेमीचा. ९.८ गुणिले २.४, भागिले २, आले ११.७६.

"बारा नाही आले," ती म्हणाली. बरोबर आहे, पट्टीवर मिलिमीटरपर्यंतच वाचता येतं. ती बाजू खरं तर ९.८५ च्या जवळ आहे आणि लंब २.४४ च्या. त्या आकड्यांनी १२.०२ येतात, म्हणजे पुन्हा १२ च.

विशालकोन त्रिकोणात हे असंच असतं. तीनपैकी दोन शिरोलंब बाहेर पडतात आणि विशालकोनातून निघालेला एकच आत राहतो. पायाच्या दोन टोकांचे कोन पाहिले की आधीच कळतं. दोन्ही लघुकोन असले तर लंब आत. एक विशाल असला तर लंब त्या टोकाच्या पलीकडे. एक काटकोन असला तर लंब त्या टोकावरच, म्हणजे ती बाजूच उंची. म्हणून काही जण सल्ला देतात की सर्वांत लांब बाजू पाया धरा, विशालकोन तिच्या समोर असतो, बाहेर जायची भानगडच नको. सल्ला चुकीचा नाही, पण मला तो मुलांना पहिल्याच दिवशी द्यायला आवडत नाही. एक तर गणितात उंची दिलेली असते ती बहुतेक वेळा बाहेरचीच. आणि दुसरं कारण मोजमापाचं आहे.

त्याच ६ सेमी पायावर अ ला ४ सेमी उंचीवरच ठेवून ब पासून उजवीकडे २० सेमीपर्यंत नेला. त्यासाठी दोन कागद जोडावे लागले. त्रिकोण चाकूच्या पात्यासारखा निमुळता झाला. क्षेत्रफळ अजूनही १२, हे तिने आकृती काढायच्या आधीच सांगितलं. आता लांब बाजू पाया धरली तर ती साधारण २०.४ सेमी, आणि तिच्यावरचा लंब जेमतेम १.२. हा लंब मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली तर क्षेत्रफळ जवळपास १ चौरस सेंटीमीटरने चुकतं. ६ सेमीचा पाया धरून बाहेरची ४ सेमीची उंची मोजताना तेवढीच चूक झाली तर फरक पडतो ०.३ चा. म्हणजे इथे बाहेरची उंचीच जास्त भरवशाची निघाली.

शेवटी तिने विचारलं ते सगळ्यांनाच कधी ना कधी अडतं. चौकटी नाहीत, उंची दिलेली नाही, फक्त तीन बाजू दिल्या आहेत, मग काय करायचं? यासाठी एक जुनं उदाहरण दिलं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, एक त्रिकोण आहे: पाया ९, बाकीच्या बाजू १० आणि १७. आधी विशालकोन आहे का ते पाहू. सर्वांत मोठ्या बाजूचा वर्ग २८९. उरलेल्या दोघींचे वर्ग ८१ आणि १००, मिळून १८१. मोठ्या बाजूचा वर्ग जास्त भरला, म्हणजे तिच्या समोरचा कोन विशाल. ९ आणि १० जिथे मिळतात तो हा कोन, आणि तो पायाच्याच टोकाला आहे. म्हणून उंची बाहेर.

बाहेरचा तुकडा x धरू. आपल्या आधीच्या आकृतीसारखेच इथेही दोन काटकोन त्रिकोण आहेत. मोठ्याचा पाया ९ + x आणि तिरकी बाजू १७, छोट्याचा पाया x आणि तिरकी बाजू १०. उंची दोघांची एकच. पायथागोरसच्या प्रमेयाने उंचीचा वर्ग दोन्हीकडून लिहिला आणि ते सारखे मांडले की:

```
289 − (9 + x)²  =  100 − x²
289 − 100  =  (9 + x)² − x²
189  =  81 + 18x
x  =  6
```

x सहा आला की उंचीचा वर्ग १०० वजा ३६, म्हणजे ६४, आणि उंची ८. क्षेत्रफळ ९ गुणिले ८, भागिले २, म्हणजे ३६. इथेही ६ फक्त उंची काढण्यापुरता कामाला आला. पाया ९ च राहिला.

भास्कराचार्य हे जरा वेगळ्या वाटेने करतात. लंबामुळे पायाचे जे दोन भाग पडतात त्यांना ते आबाधा म्हणतात. बाजूंची बेरीज २७, वजाबाकी ७, गुणाकार १८९, त्याला पाया ९ ने भागून २१. हे २१ पायात मिळवून निम्मे केले की एक आबाधा १५. पायातून वजा करून निम्मे केले की दुसरी आबाधा, पण ९ मधून २१ जात नाहीत, म्हणून ती येते उणे ६. ही आबाधा ऋण आहे, म्हणजे उलट दिशेला आहे, असं ते सांगतात, आणि पुढे तिनेच उंची ८ काढतात.

भाचीने उणे ६ कडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे ही आपली ठिपक्यांची रेघ." मग तिने नव्या पानावर ९ सेमीचा पाया काढला, पुढे ६ सेमी ठिपके दिले, त्यांच्या टोकावर गुण्याने ८ सेमीची उभी रेघ ओढली, वरचं टोक पायाच्या दोन्ही टोकांना जोडलं आणि पट्टी लावून पाहिली. जवळची बाजू बरोबर १० भरली. लांबची १६.९. पेन्सिलला टोक करून तिने ती परत काढली.